उखळ मिठाईवाल्याचं, भिंत दोघांची: स्टर्जेस विरुद्ध ब्रिजमन, १८७९

लंडनमध्ये विगमोर स्ट्रीट आणि विम्पोल स्ट्रीट हे दोन रस्ते एकमेकांना काटकोनात मिळतात. एकोणिसाव्या शतकात विगमोर स्ट्रीटवर ब्रिजमन नावाच्या मिठाईवाल्याचं दुकान होतं आणि मागच्या बाजूला त्याचा भटारखाना. या भटारखान्यात संगमरवराची दोन मोठी उखळं विटांच्या बांधकामात पक्की बसवलेली होती आणि ते बांधकाम थेट शेजाऱ्याच्या हद्दीवरच्या सामाईक भिंतीला टेकलेलं होतं. लाकडी मुसळं उभी राहावीत म्हणून त्यांना आधार देणाऱ्या आडव्या दांड्याही त्याच भिंतीत रोवलेल्या. साखर तेव्हा कडक ढेपांच्या रूपात यायची. ती फोडायची, कुटायची, शिवाय मांस कुटायचं, असं काम तिथे चाले. मुख्यतः सकाळी दहा ते दुपारी एक या वेळात. एक उखळ साठ वर्षांहून जुनं, म्हणजे वडिलांच्या काळातलं. दुसरं सव्वीस वर्षांहून जुनं.

भिंतीच्या पलीकडे विम्पोल स्ट्रीटवरच्या एका घराची मागची बाग होती. १८६५ साली हे घर स्टर्जेस नावाच्या डॉक्टरांनी भाडेपट्ट्याने घेतलं. आठ वर्षं काहीच झालं नाही. राहतं घर रस्त्याच्या बाजूला, मध्ये बाग, त्यामुळे कुटण्याचा आवाज कोणाला फारसा जाणवत नसावा. १८७३ मध्ये डॉक्टरांनी बागेच्या टोकाला रुग्ण तपासण्याची खोली बांधली आणि तिची एक बाजू नेमकी त्या भटारखान्याच्या भिंतीला लागून आली.

छाती तपासणाऱ्या डॉक्टरचं बरंचसं निदान कानावर अवलंबून असतं. फुप्फुसातली बारीक घरघर, हृदयाच्या ठोक्यातला फरक ऐकायचा आणि त्याच वेळी भिंतीतून मुसळाचा दणका यायचा. आवाजाबरोबर हादराही. डॉक्टरांनी कोर्टात नेमकं हेच सांगितलं: छातीचे रुग्ण तपासता येत नाहीत आणि लक्ष देऊन करायचं कोणतंही काम त्या खोलीत होत नाही. त्यांनी मनाई हुकूम मागितला.

ब्रिजमनची बाजू ऐकली की पहिल्यांदा तीच पटते. साठ वर्षं आम्ही कुटतोय, तुम्ही काल आलात, खोलीही तुम्हीच भिंतीला चिकटवून बांधलीत, मग आता आमचं काम बंद का करायचं? कायद्याच्या भाषेत त्याचा दावा असा होता की वीस वर्षांहून अधिक काळ अखंड वापर झाल्यामुळे आवाज करण्याचा हक्क त्याला वहिवाटीने मिळालेला आहे.

खालच्या कोर्टात न्यायमूर्ती जेसेल यांनी डॉक्टरांच्या बाजूने निकाल दिला आणि १८७९ मध्ये अपील कोर्टाने तो कायम केला. न्यायमूर्ती थेसिजर यांनी दिलेलं कारण समजून घेण्यासारखं आहे. वहिवाटीचा हक्क तेव्हाच तयार होतो, जेव्हा समोरच्याला अडवता येत असूनही तो अडवत नाही. १८७३ पूर्वी बागेच्या टोकाला कोणी बसत नव्हतं, कोणाला त्रास होत नव्हता, त्यामुळे दावा लावायला कारणच नव्हतं. ज्याला अडवण्याचा मार्गच नव्हता, त्याने मूक संमती दिली असं कसं म्हणायचं? म्हणून वीस वर्षांचं घड्याळ खोली बांधल्यावर सुरू झालं, त्याआधी नाही.

याच निकालात माळरानावरच्या लोहाराचं उदाहरण येतं. वस्तीपासून दूर त्याने भट्टी लावली आणि कालांतराने घरं त्याच्यापर्यंत येऊन ठेपली, तर त्याच्यावर अन्याय नाही का? कोर्टाचं म्हणणं असं की लोहाराने आधीच भोवताली पुरेशी जागा घेऊन ठेवावी. उलट निकाल दिला, तर शेजारच्या मोकळ्या जमिनीचा मालक आज कोणताही त्रास नसताना उद्याचा हक्क गमावून बसेल आणि तिथे राहती घरं उभी राहणं अवघड होईल. म्हणजे न्यायाधीशांच्या मनात असं होतं की या निकालाने आपण त्या भागाची जमीन कशासाठी वापरली जाईल ते ठरवतो आहोत.

ऐंशी वर्षांनी रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने बोट ठेवलं ते इथेच.

कोस मूळचे इंग्रज, पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले. १९५९ च्या एका लेखात आणि मग १९६० च्या, सामाजिक खर्चाच्या प्रश्नावरच्या प्रसिद्ध निबंधात त्यांनी हा खटला घेतला. १९९१ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यात या निबंधाचा वाटा मोठा. त्यांचं म्हणणं असं, की कोर्टाने हक्क कोणाचा ते सांगितलं. उखळं चालणार की बंद होणार हे त्याने ठरतंच असं नाही, कारण निकालाच्या दुसऱ्या दिवशी मिठाईवाला डॉक्टरांच्या दारावर टकटक करून विचारू शकतो, ‘हुकूम तुमच्याकडे आहे, मान्य. तो न वापरण्याचे किती घ्याल?’

इथे पुष्कळ वाचक थबकतात, कारण आपल्या डोक्यात एक गुन्हेगार आणि एक बळी अशी मांडणी पक्की असते. कोस ती मोडतात. उखळं चालली तर डॉक्टरांचं नुकसान, उखळं थांबवली तर मिठाईवाल्याचं. डॉक्टरांनी तिथे खोली बांधली नसती तर वाद नव्हता, आणि मिठाईवाला तिथे कुटत नसता तरीही नव्हता. एकाचा त्रास वाचवायचा म्हणजे दुसऱ्याला त्रास द्यायचा. म्हणून त्यांचा प्रश्न असा, की कोणता तोटा टाळणं जास्त मोलाचं? माझ्या मते या निबंधातली खरी धाडसी जागा हीच, आणि त्यावर राग येणारे लोक आजही भेटतात.

आता हिशोब करून पाहू. खालचे आकडे खटल्यातले नाहीत. समजण्यासाठी मी घेतलेले आहेत.

समजा उखळं उखडून दुसरीकडे न्यायची तर मिठाईवाल्याला एकूण ३०० पौंडांचा फटका बसतो. उलट उखळं तिथेच राहिली आणि डॉक्टरांना ती खोली सोडावी लागली, तर त्यांचं नुकसान २०० पौंडांचं.

हक्क डॉक्टरांचा, असा निकाल लागला. डॉक्टर २०० च्या वर काहीही मिळालं तर शांततेचा आग्रह सोडायला तयार होतील आणि मिठाईवाला ३०० च्या आत काहीही द्यायला तयार होईल. समजा २५० वर सौदा झाला. उखळं जागेवरच राहिली, डॉक्टरांची ५० ची कमाई झाली, मिठाईवाल्याचे ५० वाचले.

निकाल उलट लागला असता तर? मग डॉक्टरांना मिठाईवाल्याची मनधरणी करावी लागली असती. ते फार तर २०० देतील. मिठाईवाल्याला ३०० च्या खाली परवडत नाही. सौदा होणार नाही आणि उखळं जागेवरच राहतील. म्हणजे दोन्ही निकालांत उखळं चालूच. फरक पडला तो खिशात: एका निकालात मिठाईवाल्याचे २५० गेले, दुसऱ्यात डॉक्टरांचे २०० बुडाले. ज्याला आपण ‘न्याय’ म्हणतो तो या फरकात आहे, आणि कोस त्याविषयी मुद्दाम काही बोलत नाहीत.

उखळं हलवायला १५० च लागत असतील, तर चित्र पालटतं. हक्क डॉक्टरांचा असेल तर मिठाईवाला गुपचूप उखळं हलवेल, कारण डॉक्टरांना २०० देण्यापेक्षा ते स्वस्त. हक्क मिठाईवाल्याचा असेल तर डॉक्टर १५० ते २०० च्या मधली रक्कम देऊन ती हलवून घेतील. इथेही शेवट एकच, फक्त या वेळी उखळं गेली.

प्रत्यक्षात मला सर्वांत मोलाची वाटते ती तिसरी वाट, आणि कोसच्या विवेचनातही ती आहे: भिंत. आवाज अडवणारी एक वेगळी भिंत बांधायला समजा ८० पौंड लागतात आणि तेवढ्याने तपासणीचं काम होऊ लागतं. मग ३००, २००, १५० हे सगळे आकडे मागे पडतात. हक्क डॉक्टरांचा असेल तर मिठाईवाला भिंतीचे पैसे देईल; हक्क मिठाईवाल्याचा असेल तर डॉक्टर स्वतःच्या खर्चाने बांधतील. कोर्टाला बहुधा ‘चालू’ किंवा ‘बंद’ एवढंच सांगता येतं. भिंतीची जाडी, कुटण्याची वेळ, उखळाखाली काय घालायचं, या गोष्टी ज्यांना रोज तिथे वावरायचं आहे त्यांनाच सुचतात. शेजाऱ्यांच्या सौद्याची खरी ताकद यात आहे. पैशांची देवाणघेवाण ही त्यातली दुय्यम गोष्ट.

मग हे दोघे कोर्टात गेलेच कशाला? बाहेरच का मिटवलं नाही?

कारण हक्क कोणाचा हे १८७९ पर्यंत कोणालाच ठामपणे माहीत नव्हतं. मिठाईवाल्याला वाटत होतं, साठ वर्षांची वहिवाट आहे, जिंकणार मीच. डॉक्टरांना वाटत होतं, स्वतःच्या जागेत शांतपणे काम करण्याचा हक्क माझा. अशा वेळी जो तो समोरच्याने पैसे घेऊन यावं म्हणून वाट पाहतो. वरच्या आकड्यांत मिठाईवाल्याची किमान मागणी ३००, डॉक्टरांची २००, आणि दोघंही विकणारे. घेणारा कोणीच नाही. बोलणी सुरू व्हायची तर आधी विकणारा कोण आणि घेणारा कोण हे ठरावं लागतं. कोर्टाने ते ठरवलं. हक्क स्पष्ट असणं ही सौद्याची पहिली अट आहे असं म्हणतात त्याचा अर्थ इतका साधा आहे.

निकालाने न्यायाधीशांनाच वाटत होतं तितकं काही ठरत नाही, असं कोस म्हणतात खरे, पण त्याला त्यांची स्वतःचीच एक मोठी अट आहे, जी पाठ्यपुस्तकांत पुष्कळदा एका ओळीत उरकली जाते. बोलणी करायलाही खर्च येतो. वरच्या पहिल्या उदाहरणात सौद्यातून दोघांचा मिळून फायदा होता १०० पौंडांचा. वकिलांची फी, करारनामा, फेऱ्या, वेळ हे सगळं मिळून १२० झालं, तर सौदा होणारच नाही आणि कोर्टाने ज्याच्या पदरात हक्क टाकला त्याच्याचकडे तो राहील. मग डॉक्टरांच्या बाजूने लागलेल्या निकालाने उखळं खरोखर बंद होतील, ३०० चं नुकसान करून २०० वाचवले जातील. म्हणजे बोलणी महाग असतील तर न्यायाधीशाचा निर्णयच शेवटचा ठरतो, आणि तेव्हा कोणाचा उपयोग जास्त मोलाचा याचा विचार त्याने करणं भाग आहे. हक्क कोणाचाही असला तरी सौद्याने शेवट एकच होतो, या म्हणण्याला ‘कोसचा सिद्धांत’ हे नाव अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिग्लर यांनी १९६६ मध्ये दिलं. तो सिद्धांत बोलणीला शून्य खर्च येणाऱ्या जगाबद्दल आहे. कोसना स्वतःला रस होता तो खर्च असलेल्या जगात.

दुसरा खर्च फीमध्ये मोजता येत नाही. २०० ते ३०० च्या मधले १०० कोणी किती घ्यायचे यावरच सौदा फिसकटू शकतो. डॉक्टरांचं खरं नुकसान २०० हे मिठाईवाल्याला कुठे माहीत? डॉक्टर म्हणणार, ‘२९० च्या खाली बोलू नका.’ मिठाईवाला म्हणणार, ‘हलवायला मला २२० च लागतात.’ दोघं खोटं बोलत राहतात आणि दोघांनाही फायद्याचा सौदा हातचा जातो. आणि मनं दुखावलेली असली की मग किंमत ऐकायचीही इच्छा उरत नाही. वॉर्ड फार्न्सवर्थ या अमेरिकन कायदेतज्ज्ञाने १९९९ मध्ये असे वीस उपद्रवाचे खटले शोधले, जे निकालापर्यंत लढवले गेले होते, आणि त्यांतल्या वकिलांना विचारलं की निकालानंतर पक्षकारांनी हक्काचा सौदा केला का. एकाही खटल्यात केलेला नव्हता. वकिलांनी दिलेल्या कारणांत पक्षकारांमधली कटुता वारंवार आली, आणि अशा हक्काची पैशांत किंमत करणंच अनेकांना मान्य नव्हतं.

हे खटले शेवटपर्यंत लढलेल्यांचे होते, ज्यांचं आधीच मिटलं ते त्यात येत नाहीत. एवढं ध्यानात ठेवलं तरी हा निष्कर्ष दुर्लक्ष करण्याजोगा नाही. सौद्याची वेळ नोटीस पाठवण्याआधीची. गाडी घसरली आहे हे ओळखायची एक खूण आहे: ‘किती?’ असं विचारल्यावर समोरचा आकड्याऐवजी इतिहास सांगू लागतो. तुमच्या मुलाने त्या दिवशी काय म्हटलं, गणपतीत तुम्ही काय केलं. तिथून पुढे पैशांचं बोलणं ऐकूच जात नाही. मध्ये तिसरा माणूस लागतो.

गंमत अशी की स्टर्जेस-ब्रिजमन खटल्याच्या कागदांतच एक यशस्वी तडजोड दडलेली आहे. खटल्याच्या सुमारे तीस वर्षं आधी त्या घरात राहणाऱ्या एका आजारी व्यक्तीने मिठाईवाल्याला विनंती केली होती, की सकाळी आठच्या आत कुटू नका. त्यानंतर तपासणीची खोली होईपर्यंत दुसऱ्या तक्रारीची नोंद नाही. पैसे नाहीत, वकील नाहीत, हक्क कोणाचा याची चर्चा नाही. फक्त वेळ बदलायची विनंती. मिठाईवाल्याला एखाद्या तासाची किंमत कमी आणि आजारी माणसाला त्याच तासाची किंमत मोठी, म्हणून ते जमलं.

पण अशी तडजोड माणसांमध्ये असते, वास्तूला चिकटत नाही. भाडेकरू बदलला, नवा माणूस आला, त्याच्या गरजा वेगळ्या. जुना शब्द त्याला बांधील नाही. म्हणून डॉक्टर आणि मिठाईवाला यांनी लेखी सौदा केला असता, तर त्यात चार गोष्टी स्पष्ट हव्या होत्या. कोणती उखळं, किती, म्हणजे उद्या तिसरं आणलं तर काय. कोणत्या वेळात. हा करार पुढच्या मालकाला आणि भाडेकरूलाही लागू की नाही. लागू हवा असेल तर तो जमिनीवरचा हक्क म्हणून नोंदवावा लागतो, साधं पत्र पुरत नाही. आणि कोणी मोडला तर काय, रोजचा दंड की पुन्हा मनाई. माझ्या अनुभवात शेजारी रकमेवर तासभर घासाघीस करतात आणि तिसरी गोष्ट विसरतात. दोन वर्षांत फ्लॅट विकला जातो आणि भांडण पहिल्या पानावर येतं.

आपल्याकडच्या वाचकाला हा खटला परका वाटायचं कारण नाही. १८८२ चा भारतीय सुविधाधिकार कायदा याच काळातला, आणि १८९१ मध्ये तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. त्याच्या सातव्या कलमाच्या उदाहरणांत घरमालकाचा हा हक्क थेट येतो, की दुसऱ्याच्या आवाजाने किंवा हादऱ्याने त्याच्या स्वास्थ्यात अवाजवी बाधा येऊ नये. वहिवाटीची वीस वर्षंही याच कायद्यात आहेत. तळमजल्यावर पिठाची गिरणी आणि वर बिऱ्हाड, हा आपला विगमोर स्ट्रीट.

मात्र दोन फरक हिशोबात घ्यावे लागतात. गिरणीच्या वर एकच बिऱ्हाड नसतं. सात फ्लॅटधारकांपैकी प्रत्येकाला स्वतंत्रपणे आवाज थांबवण्याचा हक्क असेल, तर गिरणीवाल्याला सातही जणांची संमती विकत घ्यावी लागते. सहा जण सही करतात आणि सातवा, आपल्यावाचून अडतंय हे ओळखून, सहा जणांएवढी रक्कम एकटा मागतो. उलट हक्क गिरणीवाल्याचा असेल तर सात जणांना वर्गणी काढून त्याला द्यावी लागेल, आणि मग प्रत्येकाला वाटतं, बाकीचे देतीलच, मी कशाला? दोन्ही वाटांनी सौदा अडतो. धुराचं किंवा नदीत सोडलेल्या सांडपाण्याचं प्रकरण सात घरांवरून सात गावांवर गेलं, की सौद्याची भाषा बहुतेक संपतेच आणि नियम, परवाने, मंडळं पुढे येतात.

दुसरा फरक असा, की आज आवाजाचा हक्क पूर्णपणे शेजाऱ्याच्या खिशात नसतो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री, म्हणजे दहा ते सहा, ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शेजाऱ्याने पैसे घेऊन संमतिपत्र लिहून दिलं म्हणून ती मर्यादा उठत नाही. तेव्हा सौद्याला जागा उरते ती मर्यादेच्या आत: हादरा, वेळ, मशीनखालचे रबरी पॅड, वर्षातले अपवादाचे दिवस.

लंडनच्या त्या निकालाचाही पुढे विस्तार झाला. २०१४ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापुढे सफोकमधल्या मोटरस्पोर्टच्या मैदानाच्या आवाजाचा खटला आला. घर घेणारे मैदानानंतर बऱ्याच वर्षांनी आले होते. न्यायालयाने स्टर्जेसचं मूळ तत्त्व राखलं, की ‘तुम्ही नंतर आलात’ एवढं म्हणून सहसा सुटका होत नाही. आवाज करण्याचा हक्क वहिवाटीने मिळू शकतो हेही स्पष्ट केलं. आणि मनाई हुकमाऐवजी नुकसानभरपाई देण्याचा न्यायाधीशांचा अधिकार पूर्वीपेक्षा मोकळेपणाने वापरावा असं सांगितलं.

शेवटच्या मुद्द्याने डॉक्टर-मिठाईवाल्याचा हिशोब बदलतो. मनाई हुकूम हातात असेल तर डॉक्टर २०० ते ३०० च्या मधे कितीही ताणू शकतात, कारण त्यांच्या सहीवाचून मुसळ उचलता येत नाही. भरपाईच मिळणार असेल तर न्यायाधीश नुकसान २०० ठरवतात, मिठाईवाला ते भरतो आणि कुटत राहतो; वरच्या १०० वर भांडायचं कारण उरत नाही. अडवणूक संपते, पण किंमत आता डॉक्टर ठरवत नाहीत, कोर्ट ठरवतं. छातीतली घरघर न ऐकू आल्याने हातून सुटलेल्या रुग्णांची किंमत कोर्टाने २०० ऐवजी १०० धरली आणि उखळं हलवायला १५० लागत असतील, तर मिठाईवाला १०० भरून मोकळा होईल. मग उखळं हलवून घ्यायची असतील, तर ती १०० ची भरपाई सोडून देऊन वर निदान ५० डॉक्टरांनीच मोजायचे.